पानाच्या तळाची बारीक ओळ

माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे म्हणतात आणि ते खरं आहे. पण कोर्टात सव्वीस वर्षं टंकलेखन केलेल्या बाईला कुणी "तुम्ही काहीतरी वाचायचं सोडलंय" म्हटलं, तर राग येणार नाही का? साक्षीदार रडो, वकील ओरडो, माझ्या कागदावर शब्दाला शब्द उतरतो. न्यायाधीश साहेब सगळ्यांसमोर सांगायचे, बाईंच्या हातून काना-मात्रा सुटत नाही. तेव्हा मान खाली घालून मी गालात हसायचे.

चार वर्षांपासून मी अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षेला बसते. पैसे घेत नाही. आपण प्रश्न वाचून दाखवायचा, त्यांनी सांगायचं, आपण लिहायचं. विषय आपल्याला येत नसला तरच उत्तम, म्हणजे मदत करायचा मोह होत नाही. रसायनशास्त्र मला अजिबात येत नाही. त्यामुळे त्या पेपरला मला हमखास बोलावतात.

या वेळचा उमेदवार सत्तावीस वर्षांचा होता. अंध मुलांच्या शाळेत तो मदतनीस होता. त्या शाळेत विज्ञान शिकवतच नाहीत, कारण शिकवायला कुणी नाही. हा पेपर सुटला की ती जागा त्याला मिळणार होती. गेल्या वर्षी तो चार गुणांनी गेला होता, आणि प्रयत्न दोनच मिळतात. म्हणजे हा शेवटचा. हे त्याने मला दारातच सांगून टाकलं आणि वर म्हणाला, "घाबरू नका काकू, घाबरायचं काम माझ्याकडे आहे."

आम्हाला खेळाच्या सामानाची खोली दिली होती. एका कोपऱ्यात जाळीत बांधलेले चेंडू, मधे टेबल, दाराशी खुर्ची टाकून पर्यवेक्षिका बाई. पहिले दोन तास झकास गेले. तो भराभर सांगत होता, मी भराभर लिहीत होते. शेवटी तीन शाब्दिक गणितं राहिली, प्रत्येकी दहा गुणांची. तिथे त्याचं वागणं एकदम बदललं.

"काकू, प्रत्येक गणित तीनदा वाचायचं. पहिल्यांदा वाचाल तेव्हा मी फक्त काय विचारलंय ते ऐकणार. दुसऱ्यांदा आकडे, एककांसकट. तिसऱ्यांदा बाकीचे शब्द."

"तीनदा? वेळ जाईल की."

"ताई घरी इस्त्री करता करता वाचून दाखवायची. तीनाच्या वर चौथ्यांदा वाचायला सांगितलं की इस्त्री दाखवायची. म्हणून तीन."

पहिलं गणित झालं. त्याची तऱ्हा अशी की आधी कागदावर एक रेघ. डावीकडे 'दिलेलं', उजवीकडे 'शोधायचं'. त्याखाली रस्ता: कशापासून निघायचं, मधे काय काढायचं, कुठे पोचायचं. तोवर एक बेरीजसुद्धा करायची नाही. मला धीर धरवेना. आकडे समोर दिसतायत, दोन ओळींचा गुणाकार दिसतोय, आणि हा बाबा रस्ता आखत बसलाय! पण रस्ता आखून झाल्यावर हिशोब मात्र दीड मिनिटात संपला.

दुसरं गणित मी खणखणीत आवाजात वाचलं. "पंचवीस ग्रॅम अशुद्ध चुनखडीवर जास्तीचे हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले. तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणित तापमान व दाबाला आकारमान किती लिटर?" तीनदा वाचलं.

त्याने सांगायला सुरुवात केली. "शोधायचं, वायूचं आकारमान, लिटरमध्ये. दिलेलं, नमुना पंचवीस ग्रॅम. आम्ल जास्तीचं, म्हणजे ते कमी पडणार नाही, सगळं चुनखडीवर ठरणार. चुनखडीच्या एका मोलचं वस्तुमान शंभर ग्रॅम. एका मोल चुनखडीपासून एक मोल वायू. एक मोल वायू म्हणजे बावीस पूर्णांक चार लिटर." मग तो थांबला. "आता मागे वाचा."

मी सगळं वाचून दाखवलं.

"एक आकडा कमी आहे," तो म्हणाला.

"सगळं लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय सगळं. पण प्रश्नात 'अशुद्ध' आहे. किती अशुद्ध, ते माझ्या यादीत नाही. तो शब्द उगाच नसतो काकू. तुमच्याकडून काहीतरी वाचायचं राहिलंय."

झालं. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. "मी सव्वीस वर्षं वाचते आहे," मी म्हटलं. "प्रश्न जेवढा आहे तेवढा वाचला. आकडे आहेत ना समोर? मग करा की गणित!"

पर्यवेक्षिका बाईंनी चटकन मान वर केली. "लेखनिकांनी सूचना द्यायची नाही. पुन्हा झालं तर नोंद करावी लागेल."

घड्याळात सत्तावीस मिनिटं उरली होती आणि अजून एक गणित बाकी होतं. तो दोन्ही तळवे टेबलावर ठेवून स्वस्थ बसला होता. मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू! शेवटचा प्रयत्न याचा, नोकरी याची, आणि हा हट्टाला पेटलाय.

"उत्तर मी आत्ता सांगू शकतो," तो हळूच म्हणाला. "सगळी चुनखडी शुद्ध धरली तर पाच पूर्णांक सहा लिटर. पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. गेल्या वर्षी मी असंच धरून चाललो होतो." तोही घाबरलाय, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. "काकू, एक करा. पानावर बोट ठेवा आणि वरपासून खालपर्यंत जे जे छापलंय ते वाचा. पान क्रमांकासकट. कामाचं आहे की नाही ते बघू नका."

ठीक आहे, म्हटलं, तुझी खोड मोडतेच आता. बोट ठेवलं. विषय, भाग, गुण वाचले. प्रश्न वाचला. खाली मोकळी जागा. तिच्याखाली पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. तीही वाचली.

"टीप: नमुना ऐंशी टक्के शुद्ध असून त्यातील अशुद्ध घटकांची आम्लाशी अभिक्रिया होत नाही."

ही ओळ मला दिसली नव्हती असं नाही. दिसली होती. मी ती बघून सोडली होती. कोर्टाच्या कागदावर तळाला बारीक अक्षरांत काय असतं? फॉर्मचा क्रमांक, छापखान्याचं नाव, किती प्रती काढल्या. ते छापखान्याचं, टंकलेखकाचं नव्हे. पहिल्याच महिन्यात मोठ्या बाबूंनी शिकवलं होतं, तळाचं कधी टंकायचं नाही. तेव्हापासून माझा डोळा तिथे पोचला की आपोआप वर वळतो. पेनाची पकड सुटली आणि तो टेबलावरून घरंगळत खाली गेला.

"मिळालं," तो म्हणाला. फक्त एवढंच. "लिहा काकू. दिलेलं, शुद्धता ऐंशी टक्के. रस्ता: आधी शुद्ध चुनखडीचे ग्रॅम, मग मोल, मग वायूचे मोल, मग लिटर."

मी पेन उचलला. पंचवीसचे ऐंशी टक्के वीस ग्रॅम. वीसला शंभरने भागून शून्य पूर्णांक दोन मोल. वायूही तेवढाच. गुणिले बावीस पूर्णांक चार. चार पूर्णांक चार आठ लिटर. माझं अक्षर आयुष्यात इतकं वाकडं आलं नव्हतं.

तिसऱ्या गणिताला नऊ मिनिटं उरली. शून्य पूर्णांक एक मोलर तीव्रतेच्या वीस मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्लाने पंचवीस मिलिलिटर अल्कली उदासीन झाली, तर अल्कलीची तीव्रता किती. मी प्रश्न आणि पानाचा तळही तीनदा वाचला. तळाशी काही नव्हतं, तरी वाचला. त्याने यादी सांगितली, रस्ता सांगितला: आम्लाचे मोल, तेवढेच अल्कलीचे मोल, मग लिटरमधल्या आकारमानाने भागायचं. आम्लाचे मोल काढून झाले आणि घंटा वाजली. एक भागाकार राहून गेला.

"राहू दे," तो म्हणाला. "रस्ता लिहिलाय."

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही वाचलंत की शेवटी." पण तेवढ्यात माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. चार वर्षं. इतके पेपर. इतके तळ.

घरी जाऊन मी चप्पलही काढली नाही. जुन्या प्रश्नपत्रिका मी जपून ठेवते, हौस म्हणून. कपाटातून गठ्ठा काढला आणि प्रत्येक पानाचा फक्त तळ बघत गेले. बरेच कोरे होते. दोन वर्षांपूर्वीच्या पेपरवर हात थांबला. धुण्याच्या सोड्याचं गणित, आणि खाली: 'टीप: सोडा स्फटिकरूप असून त्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दहा रेणू धरावेत.' ही ओळ मी कधीही उच्चारली नव्हती. उच्चारली असती तर मला आठवली असती.

तो पेपर मी जिच्यासाठी वाचला, ती मुलगी तीन गुणांनी नापास झाली होती. तिने विज्ञान सोडलं. आता ती एका कार्यालयात फोन घेते. निकालानंतर तिने मला मुद्दाम फोन करून आभार मानले होते, तुम्ही किती छान वाचलंत म्हणून. आणि मी तिची समजूत काढली होती, की बाई, नशिबाला कोण काय करणार! ते आठवून मला स्वतःची शिसारी आली.

फोन करायचं धाडस मात्र झालं नाही. मनाला सांगत राहिले, एका ओळीने असा काय फरक पडतो. तीन आठवडे हेच सांगत राहिले. मग त्याचा निकाल लागला. पन्नासला पास, आणि त्याला पडले त्रेपन्न. चुनखडीच्या गणितावर पैकीच्या पैकी, अर्धवट राहिलेल्यालाही रस्त्याचे सहा. तो फोनवर ओरडत होता, मागून त्याची ताई ओरडत होती, आणि मी आनंदाने रडताना वजाबाकी करत होते. चुनखडीचे दहा गेले असते तर त्रेचाळीस. नापास. एका ओळीने एवढा फरक पडतो.

त्याच दुपारी मी तिला फोन लावला.

"हॅलो?" आवाज अजून तसाच, कोवळा.

मी नाव सांगायच्या आतच ती हसली. "मावशी! तुमचा आवाज मी कुठेही ओळखेन. माझा अख्खा पेपर याच आवाजाने वाचला होता ना!"

"नाही गं बाळा," मी म्हटलं. "अख्खा नव्हता वाचला."