सहा महिन्यांची मुदत

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य परिचारिका, वारल्या, तेव्हा त्यांच्या फोनमध्ये नऊ वर्षांची उत्तरं होती. आडगावच्या आरोग्य केंद्रावरची एखादी परिचारिका बाळंतपणात अडली, की बाईंना मेसेज टाकायची आणि बाई तिला उत्तर द्यायच्या. मीही त्यातलीच एक.

त्या मेसेजच्या ॲपची एक अट मला ठाऊक होती, कारण सेटिंग बाईंनी माझ्यासमोरच लावलं होतं : सहा महिने कोणी फिरकलं नाही, तर खातं मेसेजसकट कायमचं पुसलं जाणार. म्हणून पाचव्या महिन्यात मी त्यांच्या थोरल्या मुलाकडे गेले. हा गृहस्थ कॉलेजात संगणक विभागाचा प्रमुख. आईचा फोन त्याच्या कपाटात बंद पडून होता.

"दादा, फोन चार्ज करून एकदा ॲप उघडा, तेवढ्यानं मुदत नव्याने सुरू होते. मग संगणकावर लॉगिन करू. कोड याच फोनवर येईल. तिथून सगळं उतरवून घेता येतं."

"क्लाउडवर असतं ते," तो लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला. "क्लाउडवरचं कुठे जात नाही."

"खातंच गेलं तर क्लाउडवरचंही जातं."

"आणि आईच्या वस्तूंना मी वर्षभर हात लावणार नाही. भावनेचा प्रश्न आहे."

आईची गाडी तो तिसऱ्या दिवसापासून चालवत होता. तिथे भावना आड आली नव्हती.

मी दोनदा फोन केला, एकदा लिहूनही पाठवलं. "बघतो," एवढंच उत्तर. मुदत उलटून आठवडा झाल्यावर त्याचाच फोन आला. ॲप नंबर विचारत होतं. तो टाकला, तर आत काहीच नव्हतं. "कंपनीनं कळवायला हवं होतं," तो म्हणाला. मी फोन ठेवला. दगडावर डोकं आपटून काय होणार?

त्या दिवशी मी माझ्या फोनमध्ये बाईंचा संवाद उघडला. नावाच्या जागी 'हटवलेलं खातं' दिसत होतं, फोटोही गेला होता. पण माझे प्रश्न आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी होती. त्यांची प्रत पुसली गेली होती, माझी नाही. मी ती संगणकावर उतरवून घेतली आणि बाकीच्या परिचारिकांना कसं करायचं ते कळवलं. दोघींनी संवाद आधीच पुसून टाकला होता, तेवढं गेलं. एकतीस जणींचं आलं. रुग्णांची नावं काढून आम्ही त्याची वही केली. ती आता प्रशिक्षणाच्या खोलीत असते.

ही बातमी थोरल्याला लागली. "छान केलंत. मला पाठवा, पुस्तक काढू. प्रस्तावना मी लिहीन; तांत्रिक अडचणींवर मात करून हा ठेवा कसा वाचवला, ते येईल त्यात."

"कोणी वाचवला?" मी विचारलं.

"आपण सगळ्यांनी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी वही पाठवली नाही. त्यानं प्रस्तावना मात्र लिहून ठेवली आहे, असं ऐकते.