काचेवर चढणारा कण

भोपाळमधल्या पिपलानीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये दोन घरांच्या मधली भिंत इतकी पातळ होती, की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच समजून मी कितीदा तरी उगीच गॅस बंद केला आहे. भिंतीपलीकडे यशवंतराव टेंभेकर राहायचे. कारखान्यात फोरमन, मूळचे नागपूरचे. बायको प्रमिला आणि एकुलती एक मुलगी वैजयंती. मी टाउनशिपच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे वैजयंती मला शाळेत मॅडम म्हणायची आणि घराच्या फाटकातून आत आली की काकू.

ती अकरावीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी तिने आणि तिच्या मैत्रिणीने, मीनाने, दुधाच्या कणांचा प्रकल्प घेतला. पाण्यात दुधाचा अगदी थोडा अंश मिसळून त्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवून कडा नेलपॉलिशने बंद करायच्या, म्हणजे पाणी सुकत नाही आणि आत प्रवाह होत नाही. मग सूक्ष्मदर्शकातून दुधातल्या स्निग्धाचे बारीक गोळे थरथरताना दिसतात. त्यांच्यात जीव नसतो. पाण्याचे रेणू चहूकडून धडका देतात आणि गोळा कधी इकडे, कधी तिकडे सरकतो. ही थरथर कधीच थांबत नाही. मी पहिल्यांदा मुलींना ते सांगितलं तेव्हा वैजयंतीने विचारलं होतं, "आपण बघत नसतानासुद्धा?" मी हो म्हटलं, तर ती हसली नाही.

बाजारातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने शाळेच्या प्रयोगशाळेत येऊन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगासमोर आपला कॅमेरा स्टँडवर बसवला आणि कॅसेट भरून दिली. नवरा-नवरींनंतर असलं शूटिंग पहिल्यांदाच करतोय, असं म्हणाला. पुढचं काम टेंभेकरांच्या बैठकीत चालायचं, कारण चित्र एकेक करून पुढे सरकवता येईल असा व्हीसीआर त्यांच्याकडेच होता.

पद्धत अशी. टीव्हीच्या पडद्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा. कॅसेट थांबवायची, एक कण निवडायचा आणि त्याच्या मध्यावर बारीक पेनाने ठिपका द्यायचा. बटण दाबत दहा चित्रं पुढे जायचं, पुन्हा ठिपका. असे ठिपके जोडले की कणाची वेडीवाकडी वाट उमटते. त्यातून तो कण किती वेळात किती दूर जातो, त्या अंतराच्या वर्गाचा आलेख काढायचा. व्हीसीआर फार वेळ थांबवून ठेवला की टेपला जपण्यासाठी आपणहून बंद पडायचा आणि मीना त्याला हिंदीतून शिव्या घालायची.

एक खबरदारी मीच त्यांना सांगितली होती. वरच्या काचेला आतून चिकटून बसलेला एक कण होता, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ. तो हलत नव्हता. त्यालाही दर वेळी ठिपका द्या, असं मी सांगितलं. त्याचे सगळे ठिपके एकावर एक पडले पाहिजेत. ते सरकले, तर कॅमेरा किंवा काचपट्टी सरकली असं समजायचं आणि तेवढं अंतर बाकीच्या कणांतून वजा करायचं.

मीनाच्या कागदावर त्या चिकटलेल्या कणाच्या जागी पेनाचा एक जाडसर डाग होता. वैजयंतीच्या कागदावर तोच कण वर चढत गेला होता. ठिपक्यामागे ठिपका, मुंग्यांच्या रांगेसारखा, कोपऱ्याच्या दिशेने.

"तुझा कण देवळाच्या पायऱ्या चढतोय गं," मीना म्हणाली. "प्रसाद आण म्हणावं."

सगळ्यांना वाटलं वेगळा भाग असेल. नव्हता. टेपचा तोच तुकडा दोघींनी केला होता. यशवंतरावांनी कॅसेट मागे नेऊन स्वतः खुणा केल्या. एकच डाग. मी केल्या. एकच डाग. वैजयंती पुन्हा बसली आणि कण पुन्हा चढू लागला. दुपारची वेळ, पडद्यावर उजेड नको म्हणून खिडक्यांवर चादरी लावलेल्या. त्या करड्या उजेडात, थांबवलेल्या चित्राच्या थरथरीत, एक मेलेला कण एकाच मुलीच्या हाताखाली चालायला लागतो हे बघताना माझ्या हातावर काटा आला होता. मी विज्ञान शिकवणारी बाई, पण आला होता.

यशवंतरावांना त्यात फक्त हयगय दिसली. प्रदर्शन जवळ आलं होतं, परीक्षक मूळ कागद मागणार होते, आणि तिचा आलेख वजाबाकीनंतरही सरळ जाण्याऐवजी वरच्या बाजूला वाकत होता. असा आलेख म्हणजे कण नुसता भटकत नाहीये, कुठेतरी निघाला आहे. परीक्षक म्हणतील पोरीने कागद रचला. ते तिला शाळेतून आल्यावर रोज बसवायला लागले. जितकी जास्त बसे तितका कण जास्त चढे. मी बोलले तर म्हणाले, तुम्ही तिला डोक्यावर बसवून ठेवलंय, वैनी.

त्या दिवसांत ती जेवण अर्धवट टाकून उठायची. घास चावता चावता जबडा थांबायचा. संध्याकाळी बोलणं नाकातून यायचं. सकाळी मात्र ठणठणीत, शाळेच्या प्रार्थनेत पुढे उभी. त्यामुळे घरात सगळे तिला नखरेल म्हणायला लागले होते.

मग एका दुपारी प्रमिला चहा घेऊन बैठकीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी आत होते. वैजयंती वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून खुणा करत होती. प्रमिलाने ट्रे तिथेच खाली ठेवला. तिने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि अगदी हळू म्हणाली, "तिथे वन्सं बसल्यात."

वन्सं म्हणजे यशवंतरावांची बहीण, शशिकला. मी तिला पाहिलं नव्हतं. तिचं लग्न व्हायच्या आधीच नागपूरला वारली. आधी अन्न गिळेना, मग श्वास पुरेना. कुणी काही केलं असेल, असं घरात बोललं जायचं. प्रमिलाने कपाटातला तिचा फोटो काढून दाखवला. हनुवटी वर उचललेली, डोळे अर्धे मिटलेले, नाकाच्या शेंड्यावरून बघत असल्यासारखी. फोटोतली ती पोर गर्विष्ठ दिसत होती. प्रमिला म्हणाली, सगळे तिला गर्विष्ठच म्हणायचे. जवळच्या मिसरोद गावात एक जण उतारा करून देतो, उद्याच पोरीला घेऊन जाते, ह्यांना सांगू नका.

मी दारातून परत आत पाहिलं. इतके दिवस मी पडदा बघत होते, कागद बघत होते. पोरीकडे पाहिलं नव्हतं. ती मोढ्यावर ताठ होत होत जवळजवळ उभी राहिली होती. मान मागे, हनुवटी वर. हुबेहूब फोटोतल्यासारखी.

मी स्वतःला कामाला लावलं, दुसरं काही सुचेना म्हणून. मीनाला टेप एकाच चित्रावर धरायला सांगितली आणि वैजयंतीला नव्या कागदावर फक्त तो चिकटलेला कण खुणवायला लावला. पुन्हा पुन्हा, तोच. ठिपके चढले. मग तिला डोळे मिटून माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहायला सांगितलं. ती लगेच झोपल्यासारखी झाली. बराच वेळ गेल्यावर तिला उठवून परत बसवलं.

कण खाली उतरला होता. पहिल्या ठिपक्याच्या जागी. आणि तिथून पुन्हा चढायला लागला.

मीनाने व्हीसीआरवरचा हात काढून घेतला. "मॅडम, मी घरी जाऊ?"

पण माझी भीती त्या क्षणी बदलली. कारण या वेळी मी पडद्याकडे पाठ करून बसले होते. दर ठिपक्यागणिक वैजयंतीच्या पापण्या खाली येत होत्या. इतक्या सावकाश, की नुसतं बघणाऱ्याला कळू नये. पापणीखालच्या फटीतून दिसावं म्हणून ती मान मागे टाकत होती, उंच होत होती. टीव्हीची काच बोटभर जाड, पडदा फुगीर, प्लॅस्टिक सपाट. कोपऱ्याजवळ कण आणि कागद यांच्यात चांगलंच अंतर. डोळा वर गेला की आतल्या कणासमोर कागदावरची जागाही वर जाते. कण चढत नव्हता, बघणारी चढत होती. आणि पडून राहिली की पापण्या पुन्हा उघडत होत्या.

यशवंतराव ड्यूटीवरून आले तेव्हा मी त्यांना मोढ्याशेजारी उभं करून हे दाखवलं. कागद नाही, पापण्या दाखवल्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि प्रमिलाला विचारलं, "शशीचंही संध्याकाळीच व्हायचं ना?" प्रमिलाने हो म्हणून मान हलवली. त्या घरात तो प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

उतारा राहिला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, ती थकलेली असताना, आम्ही तिला दवाखान्यात नेलं. भोपाळात त्या वर्षांत डोळ्यांचं काही म्हटलं की डॉक्टर आधी विचारायचे, गॅसगळतीच्या रात्री कुठे होता. पिपलानीत, गॅसपासून दूर, असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी वैजयंतीला छताकडे बघत राहायला सांगितलं. पापण्या पडदा सोडल्यासारख्या उतरल्या. मी कागदांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी पुढचा पेशंट बाहेर थांबवला.

मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना नीट पोचत नाही, वापरलं की थकतात, विश्रांतीने परततात, असं त्यांनी समजावलं. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेलं तर जीव जातो. पण औषध आहे, आणि वेळेवर आलात. खात्रीसाठी त्यांनी एक इंजेक्शन दिलं. आम्ही बाकावर तिच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने तिच्या पापण्या वर गेल्या, कुणी चिमटीत धरून उचलल्यासारख्या. प्रमिलाने तोंडावर पदर घेतला.

वैजयंती इकडेतिकडे बघत होती. मग म्हणाली, "काकू, आता एकच आहे."

एकच काय, मी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं, की रोज दुपारनंतर तिला सगळं दोन दिसायचं. दोन टीव्ही, दोन मीना. प्रत्येक कणाशेजारी दुसरा कण.

"सांगितलं का नाहीस?" यशवंतरावांनी विचारलं.

"प्रकल्प काढून घेतला असता तुम्ही. आणि मला कळायचं ना, खरा कुठला ते. दुसरा जरा मागे उभा असायचा. मी त्याला कधी खूण केली नाही."

डॉक्टर गोळ्या लिहून देत होते. रोज वेळेवर घ्यायच्या, इंजेक्शनचा परिणाम आज उतरेल, घाबरू नका, असं सांगत होते. चिठ्ठ्या, तपासण्या, पुढची तारीख यांत बराच वेळ गेला. आम्ही निघायला उठलो तेव्हा वैजयंती बसूनच होती. हनुवटी हळूहळू वर येत होती. ती अजिबात घाबरलेली नव्हती, आणि मला वाटतं तेच आम्हाला सोसवलं नाही.

"दुसरा आला," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या शेजारी."

यशवंतराव गोळ्यांच्या खिडकीकडे जवळजवळ धावत गेले. प्रमिला मात्र जागची हलली नाही. मुलीचा हात घट्ट धरून ती नवऱ्याने सोडलेल्या जागेशेजारची रिकामी जागा बघत राहिली.