गडी किती?

बाईंना हरकतींचा वीट आला होता, आणि अजून दुपारचं जेवणही झालं नव्हतं. नोकरभरतीच्या परीक्षेचा निकाल लागला की महिनाभर हेच चालायचं. कुणाला वाटे पर्याय दोन बरोबर, कुणाला तीन, आणि कुणाला वाटे की प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. गणिताचे प्रश्न बाईंनी काढलेले, त्यामुळे गणिताच्या प्रत्येक सुनावणीला बाईंनी हजर राहायचं असा नियम. खुर्ची लाकडी, पंखा फिरतो पण वारा लागत नाही, आणि गुडघे आज सकाळपासूनच कुरकुरत होते.

समोर साहेब बसले होते. परीक्षा विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यापाशी प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं: प्रश्न रद्द करा आणि सगळ्यांना गुण द्या. त्यात कुणी भांडत नाही, वरून विचारणा होत नाही, आणि साहेब वेळेवर घरी जातात. आज तर त्यांना घरी जायची जास्तच घाई होती, कारण सामना चालू होता. मेजावर रेडिओ लावून ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी शिपायाला सांगून ठेवलं होतं की मधून मधून धावा सांगत जा. शिपाई निवृत्तीला आलेला होता आणि हे काम मात्र तो मनापासून करत होता.

“पुढची हरकत,” साहेब म्हणाले, “चित्रविरहित पत्रिका. उमेदवार बाहेर बसलीय.”

चित्रविरहित पत्रिका म्हणजे ज्यांना दिसत नाही अशा उमेदवारांसाठीची पत्रिका. तिच्यात चित्र काढून टाकतात आणि त्या जागी चित्रात काय आहे ते शब्दांत लिहितात. मग संगणक ते उमेदवाराच्या कानात वाचून दाखवतो. हे लिहिण्याचं काम टंकलेखन विभागाकडे. प्रश्न काढणाऱ्याला ती पत्रिका दाखवायची पद्धतच नव्हती.

मुलगी आत आली. पंचविशीची असेल. सोबत भाऊ होता, त्याने तिला खुर्चीपर्यंत आणलं आणि तो दाराशी थांबला. तिने पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली आणि सरळ विचारलं, “प्रश्न काढणाऱ्या बाई आहेत का इथे?”

“आहे,” बाई म्हणाल्या.

“मग बरं झालं. दुसऱ्या कुणाला समजावत बसायला नको.”

बाईंना हे ऐकून थोडा राग आला आणि थोडं हसू आलं. इतक्या जणांमध्ये पहिल्यांदाच कुणी त्यांची वाट पाहत होतं.

प्रश्न क्रिकेटचा होता. तो बाईंना नवऱ्यामुळे सुचला होता. नवरा जेवताना ताटाकडे कमी आणि सामन्याकडे जास्त बघायचा, आणि एकदा त्याने वरणाचा घास तसाच हातात धरून त्यांना नेट रनरेट समजावला होता. आपण ज्या गतीने धावा काढल्या त्यातून, समोरच्याने आपल्याविरुद्ध ज्या गतीने काढल्या ती वजा करायची. आणि खुबी अशी की एखादा संघ लवकर सर्वबाद झाला, तर त्याने खेळलेली षटकं धरायची नाहीत. ठरलेल्या षटकांचा पूर्ण कोटा धरायचा. बाईंना तेव्हाच वाटलं होतं, यात मस्त फास टाकता येईल.

म्हणून त्यांनी धावफलकाचं चित्र दिलं. संघ अ: वीस षटकांत एकशेसाठ, सहा बाद. संघ ब: सोळा षटकांत एकशेवीस, दहा बाद. शिवाय खाली एक ओळ, की बारा षटकांनंतर ब संघाच्या एकोणनव्वद धावा झाल्या होत्या. पहिला प्रश्न: त्या क्षणी ब संघाची आवश्यक धावगती किती? दुसरा प्रश्न: या सामन्यातून अ संघाची निव्वळ धावगती, म्हणजे नेट रनरेट, किती? फास दुसऱ्यात. जो एकशेवीसला सोळांनी भागेल त्याला साडेसात मिळणार, आणि अ संघाच्या आठातून साडेसात गेले की उरला अर्धा. तो पर्याय दोन. ज्याला नियम माहीत आहे तो विसांनी भागणार, सहा मिळणार, आणि उत्तर दोन. तो पर्याय एक. चौथा पर्याय ‘माहिती अपुरी आहे’ हा नेहमीचा, जागा भरायला.

“चौथा पर्याय का निवडलास?” साहेबांनी मुलीला विचारलं. “उत्तर पहिला आहे. चुकलं म्हणून पाव गुण कापलाय.”

“मला जे ऐकवलं त्यात पहिलं उत्तर येत नाही,” मुलगी म्हणाली. “संगणक म्हणाला, संघ अ, वीस षटकांत एकशेसाठ धावा. संघ ब, सोळा षटकांत एकशेवीस धावा. बारा षटकांनंतर एकोणनव्वद. एवढंच. गडी किती पडले ते नाही सांगितलं. मी तीनदा परत ऐकलं.”

बाईंनी त्या पत्रिकेची प्रत पुढे ओढली. खरंच, गड्यांचा रकाना कुठेच नव्हता. टंकलेखन विभागातली माणसं भली होती. कानाने ऐकायला जड जाऊ नये म्हणून वर्णन तीन ओळींत बसवा असा त्यांना नियम होता, आणि त्यांनी तीन ओळींत बसवलं होतं. जागा वाचवायला त्यांनी जे काढलं, तेच नेमकं प्रश्नाचं हृदय होतं.

साहेब मागे रेलले. “पण पोरी, याच माहितीवर तू आधीचं उत्तर बरोबर दिलंस. आवश्यक धावगती नऊ. तिथे माहिती पुरली, आणि इथे कशी अपुरी पडली?”

“तिथे गडी लागत नाहीत, साहेब. एकशेसाठ काढल्या म्हणजे जिंकायला एकशेएकसष्ट हव्यात. एकोणनव्वद झाल्या, बहात्तर राहिल्या. वीसपैकी आठ षटकं राहिली. बहात्तर भागिले आठ, नऊ. एक गडी बाद असो नाही तर नऊ, गती तीच. पण नेट रनरेटमध्ये सोळांनी भागायचं की विसांनी, हे गडीच ठरवतात.”

“अगं पण ते हरले ना? चार षटकं हातात असताना डाव संपला म्हणजे सर्वबादच.”

“हरले असं कुठे लिहिलंय? पाऊस आला असेल. खेळ थांबला असेल. मग हिशेबच वेगळा होतो.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. मुलगी बरोबर होती, शंभर टक्के.

पण शंभर टक्के बरोबर असणं या खोलीत पुरेसं नसायचं, हे बाईंना एवढ्या वर्षांत कळून चुकलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि तेच औषध दिलं. “मग सोपं आहे. चित्रविरहित पत्रिकेपुरता प्रश्न रद्द. सगळ्यांना गुण. झालं?”

“नाही झालं,” मुलगी म्हणाली. “या गटात एकच जागा आहे. जिची निवड झालीय ती माझ्यापुढे अर्ध्या गुणाने आहे. सगळ्यांना दिला तर तिलाही मिळणार. ती वर जाणार, मीही वर जाणार, आणि मधला अर्धा तिथेच राहणार.”

साहेबांनी नाइलाजाने यादी काढून पाहिली. त्या दुसरीने पर्याय दोन लिहिला होता. म्हणजे सोळांनी भागलं होतं. नियम माहीत नसणारीही चुकली आणि नियम माहीत असणारीही चुकली, असं या कागदाचं म्हणणं होतं.

“गेल्या वर्षी दोन गुण कमी पडले,” मुलगी म्हणाली. “पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही.” भावाने दारातूनच तोंड फिरवलं.

बाईंना भयंकर थकवा आला. त्यांना वाटलं, उठावं आणि घरी जाऊन पडावं. पोरीला न्याय द्यायचा तर उत्तरसूची बदलायची. सूची छापून बाहेर गेलेली. ती बदलायची तर कारणं लिहा, वर पाठवा, आणि बाईंच्या नावावर शेरा बसणार तो वेगळाच. शेरा बसला की पुढल्या वर्षी प्रश्न काढायला बोलावणं नाही. त्यांनी मनात म्हटलं, नको रे बाबा. आणि मग त्यांना आठवलं की चौथा पर्याय आपण फक्त जागा भरायला ठेवला होता, आणि ही पोर त्याच्यावर वर्षभराची मेहनत लावून बसली आहे. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“साहेब, प्रश्न रद्द नको,” त्या म्हणाल्या. “प्रश्नात चूकच नाही. चित्र काढून टाकलं तेव्हा तो दुसरा प्रश्न झाला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर चौथं आहे. त्या पत्रिकेची सूची वेगळी करा. मी लिहून देते.”

“बाई, हे फार ताणणं झालं. कोणीही सांगेल की यात सर्वबादच धरायचं. वरच्यांना काय सांगू? एवढी साधी गोष्ट उमेदवाराने समजून घ्यायची असते.”

तेवढ्यात दार लोटून शिपाई आत आला. हातात चहाचे पेले, चेहरा आनंदाने फुललेला.

“साहेब, एकशेवीस झाले! सोळा षटकं!”

“विकेट किती गेल्या?” साहेबांनी वर न बघता विचारलं.

बाईंनी आणि मुलीने एकदमच मान वर केली. शिपायाला कळेना की पेले ठेवावेत की धरून उभं राहावं. मुलगी हसली. आधी नाकातल्या नाकात, मग तिला आवरेचना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या साहेबांकडे बघत राहिल्या आणि त्यांना त्या माणसाची थोडी दयाही आली, कारण कान लाल झालेला माणूस कुणालाही दयनीयच दिसतो.

“सात,” शिपाई म्हणाला, कुणी विचारलं होतं म्हणून.

“ठेव तो चहा,” साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग कोरा कागद बाईंपुढे सरकवला. “लिहा. चित्रविरहित पत्रिका, उत्तर चार. कारण मीच खाली लिहितो. शेराही लावावा लागेल, बाई. तो विभागावर लावतो, पण तुमचं नाव वगळता येणार नाही.”

“लावा,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. पुढल्या वर्षी या खुर्चीत बसायचं नाही, हा विचार तर गुडघ्यांना चांगलाच मानवला.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात मुलगी भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. बाई दमत दमत तिच्यापर्यंत गेल्या.

“बाई, एक विचारू? खऱ्या चित्रात किती गडी होते?”

“दहा.”

“म्हणजे उत्तर दोन, पहिला पर्याय.” तिने मान डोलावली. “ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी काढून ठेवलं होतं. मला वाटलंच होतं दहा असतील. बोट त्याच्यावरच होतं.”

“मग लावलं का नाहीस? गुण मिळाला असता. इथवर यायची वेळच आली नसती.”

मुलीने काठी उघडली. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

“मला कुणी सांगितलं नव्हतं ना, बाई. दिसणाऱ्यांना दहा दिसत होते. मी दहा धरले असते तर तो माझा अंदाज झाला असता. आणि अंदाजाने चालायचं नाही म्हणूनच तर ही काठी घेतलीय.”

ती पायऱ्यांकडे वळली. बाई तिथेच थांबल्या. नवऱ्याला आज काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.