सोमवारचं पत्र

सरकारी पाकीट आलं तेव्हा डेल्मी कोबी चिरत होती. पाकीट जाड होतं. मनासारखं उत्तर पातळ पाकिटातून येतं आणि अडचण जाड पाकिटातून, हे अमेरिकेत आल्यापासूनच्या अडीच वर्षांत तिला कळून चुकलं होतं. तिनं हात एप्रनला पुसले आणि पाकीट तसंच टेबलावर ठेवून मर्लिनची वाट पाहत बसली.

मर्लिन नोल्ट वडिलांच्या कारखान्यातून जेवायला आला. तिथं बागेत ठेवायच्या लाकडी खोल्या बनत. त्यानं उभ्याउभ्याच पाकीट फोडलं आणि हळूहळू वाचून दाखवलं. तुमच्या अर्जासोबतचे पुरावे अपुरे आहेत. तुमचं लग्न खरं आहे, केवळ ग्रीन कार्डासाठी केलेलं नाही, हे दाखवणारे कागद सत्त्याऐंशी दिवसांत पाठवावेत.

"म्हणजे आपलं लग्न त्यांना खोटं वाटतं?" डेल्मीनं विचारलं.

"तसं म्हणत नाहीत ते. दाखवा म्हणतात."

दोघांचं लग्न एल साल्वादोरमध्ये, मिशनच्या छोट्या देवळात झालं होतं. मर्लिन तिथं दोन वर्षं शाळा बांधायला गेला होता. पाच महिन्यांनी ती पेनसिल्व्हेनियात उतरली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती, म्हणून तिला मिळालं ते अटीचं कार्ड, दोन वर्षांच्या मुदतीचं. मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवराबायकोनं एकत्र सही करून अट काढायचा अर्ज करायचा, हा नियम. तो त्यांनी वेळेत केला होता. पोचही आली होती. त्या पोचेवर जुनं कार्ड आणखी चार वर्षं चालणार होतं. बोटांचे ठसेही देऊन झाले होते.

चूक झाली ती अर्जाला जोडायच्या कागदांत. सासरे आयव्हन तेव्हा म्हणाले होते, "बायबलात काय सांगितलंय? तुमचं होय ते होय असो, नाही ते नाही. त्याहून जास्त कशाला बोलायचं?" नोल्ट कुटुंब जुन्या वळणानं साधं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं. त्यांच्या बिशपनी एका कागदावर लिहून दिलं: हे दोघं देवासमोर विवाहित आहेत, आमचं होय ते होय. तेवढा कागद आणि कर भरल्याच्या कागदाची प्रत जोडून पाकीट रवाना झालं होतं. कुणाला त्यात काही कमी आहे असं वाटलंच नव्हतं.

---

लँकेस्टर गावातल्या मदतकेंद्रात रोबर्टा स्टँग बसत. परदेशी माणसांची कागदपत्रं पाहणं हे त्यांचं काम. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बिशपचा कागद दोनदा वाचला.

"सुंदर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण सरकार काही देऊळ नाही. घराचा भाडेकरार?"

"घर बाबांचं. आम्ही मागच्या भागात राहतो."

"वीजबिल?"

"बाबांच्या नावावर."

"विमा?"

"आमच्यात कुणी काढत नाही. दुखलंखुपलं तर पंथातली मंडळी मिळून खर्च देतात."

"फोटो तरी असतील."

मर्लिनचे कान लाल झाले. "फोटो काढून घेणं आमच्यात बरं समजत नाहीत."

रोबर्टाबाईंनी बिशपचा कागद घडी करून ठेवला. मग डेल्मीकडे वळून म्हणाल्या, "बाळा, तुमच्याबद्दल खोटं म्हणायला जागा नाही, पण खरं म्हणायलाही कागद नाही. अर्ज नाकारला तर तुझा राहण्याचा हक्क जाईल आणि प्रकरण न्यायाधीशापुढे जाईल. तिथंही लढता येतं, पण तिथवर जाऊच नये. कुणी कधी तुमच्याबद्दल लिहिलंय? पत्र, वही, तारीख घातलेलं काहीही?"

मर्लिन हसला. "आमच्याकडे लिहिते ती फक्त आई. साप्ताहिकात."

रोबर्टाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "कोणतं साप्ताहिक?"

देशभरच्या अशा साधं राहणाऱ्या मंडळींचं ते साप्ताहिक. प्रत्येक वस्तीतून एकजण दर आठवड्याला खबर लिहून पाठवतो: हवा कशी, कोण आजारी, रविवारी कोण कुणाकडे जेवलं. मर्लिनच्या आई, लेना, एकोणीस वर्षं हे लिहीत होत्या. सोमवारी धुणं वाळत घातलं की स्वयंपाकघराच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसायच्या.

डेल्मीनं ते पत्र कधी वाचलं नव्हतं. सुरुवातीला तिला इंग्रजी तेवढं जमत नव्हतं, आणि पुढं जमू लागलं तेव्हा धीर झाला नाही. आपलं नाव त्यात नसेल, असं तिला वाटे. नसलं तर तेही कळायला नको. सासूबाई वाईट वागत नव्हत्या. पण कमी बोलत. डेल्मी त्यांना पहिल्या दिवसापासून आई म्हणत होती. त्या तिला नावानं हाक मारत, सूप पुढं सरकवत आणि पुन्हा कामाला लागत.

"त्यात माझ्याबद्दल काही नसेल," ती मर्लिनला गाडीत म्हणाली.

"आई कोंबडी आजारी पडली तरी लिहिते," मर्लिन म्हणाला. "तुला कशी सोडेल?"

---

लेनाबाईंनी पलंगाखालून पेटी ओढली. छापून आलेले सगळे अंक त्यांनी वर्षावर्षानं दोऱ्यानं बांधले होते. त्या ओशाळल्यासारख्या दिसल्या.

"हे असं काढून दाखवणं बरं नव्हे," त्या म्हणाल्या. "स्वतःच लिहिलेलं स्वतःच मिरवायचं."

"आई, मिरवत नाही आहोत. डेल्मी विचारतेय."

"मग घे."

तिघं टेबलाशी बसली. मर्लिन वाचत होता, डेल्मी बोट ठेवून मागोमाग जात होती. डेल्मी आली त्या आठवड्याच्याच अंकात तिचं नाव सापडलं: आमचा मर्लिन त्याच्या बायकोला, डेल्मीला, घेऊन आला. प्रवास लांबचा, ती दमली आहे. थंडी तिला नवी आहे, माझी जाड शाल तिला दिली.

पुढच्या फेब्रुवारीत: बर्फ वितळू लागलं. मर्लिन आणि डेल्मी रविवारी बेन हूवरांकडे जेवायला होती. डेल्मीनं नेलेलं कोबीचं लोणचं सगळं संपलं, बरणी रिकामी परत आली.

एप्रिलात: दोघांनी मागच्या भागाला रंग दिला. मर्लिनच्या केसांत जास्त गेला.

आठवड्यामागून आठवडा ती त्यात होती. कधी एका ओळीत, कधी नुसतं नाव. डेल्मी मान खाली घालून वाचत राहिली. मग गेल्या वर्षीच्या जूनचा अंक आला आणि मर्लिनचा आवाज थांबला.

"वाच," डेल्मी म्हणाली.

"आमची डेल्मी आठवडाभर अंथरुणात आहे. देवानं दिलं होतं, देवानंच घेतलं. सोमवारचं धुणं मर्लिननं धुतलं आणि सगळं उलटं वाळत घातलं. मी ते पुन्हा घातलं नाही. त्याच्या हातानं राहू दिलं."

त्या आठवड्यात लेनाबाई एक शब्दही बोलल्या नव्हत्या. दारात सूप ठेवून जायच्या, आणि रिकामं भांडं नेताना वर पाहायच्या नाहीत. बाळ गेलं त्यात त्यांना माझाच दोष वाटतोय, असं डेल्मीनं तेव्हा धरून घेतलं होतं. गेलं वर्षभर ती ते मनात घेऊन फिरत होती.

"मला बोलता येत नव्हतं," लेनाबाई टेबलाकडे पाहत म्हणाल्या. "माझी दोन गेली, मर्लिनच्या आधी. तोंड उघडलं असतं तर तुझ्यासमोर रडले असते. म्हणून लिहिलं."

डेल्मीनं तो अंक आपल्याकडे ओढला. मग मर्लिन पुटपुटला, "सगळ्या जिल्ह्याला माझं धुणं कळलं म्हणायचं."

"कळायलाच हवं होतं," लेनाबाई म्हणाल्या. "तीन बायकांनी तो अंक मुद्दाम नवऱ्यांपुढं ठेवला."

डेल्मी हसली, आणि हसताहसता डोळे पुसले.

लेनाबाईंनी शिवणाच्या डब्यातली कात्री काढली. "हे दुःख तुझं आहे. तू म्हणत असशील तर एवढ्या ओळी मी कापून घरी ठेवते. बाकीचं जाऊ दे सरकारकडे."

डेल्मीनं कात्रीवर हात ठेवला. त्या न जन्मलेल्या बाळाला नाव नव्हतं, कबर नव्हती. कुठं काही लिहिलं असेल तर ते एवढंच.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "ते वाचलं नाही तर त्यांना आमचं काय कळणार?"

---

रोबर्टाबाईंनी सगळ्या अंकांच्या प्रती काढल्या, प्रत्येक उल्लेखाला पिवळी खूण केली आणि वर तारखांची यादी लावली. मूळ अंक बांधून परत दिले. शिवाय दोघा ओळखीच्या माणसांची लेखी साक्ष हवी होती: नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि या दोघांचा संसार आपण कसा पाहिला ते. लेनाबाईंनी आपली लिहिली. आयव्हन कागद हातात घेऊन बसून राहिले.

"यात 'शपथ घेतो' असं छापलंय," ते म्हणाले. "आम्ही शपथ घेत नाही. आमचं होय ते..."

"होय, माहीत आहे मला," रोबर्टाबाई म्हणाल्या. "आयव्हनसाहेब, तुमचं होय खणखणीत आहे. पण ते ऐकायचे कान दूरच्या कचेरीत बसलेत. 'शपथ घेतो' खोडा आणि 'सत्य म्हणून ठामपणे सांगतो' लिहा. कायद्यात दोन्ही चालतं. तुमच्यासारख्यांसाठीच ती सोय ठेवली आहे."

आयव्हननी बराच वेळ विचार केला. मग खोडलं, लिहिलं, आणि खाली स्वतःहून आणखी एक ओळ घातली: ही मुलगी आमच्याकडे रोज सकाळच्या प्रार्थनेला असते आणि माझ्या मुलाशेजारी बसते.

"हे बिशपच्या कागदात का नव्हतं?" रोबर्टाबाईंनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही," आयव्हन म्हणाले.

मुदतीला चाळीस दिवस बाकी असताना पाकीट गेलं. या वेळी जाड पाकीट घरच्यांकडून होतं.

मग वाट पाहणं. डेल्मी रोज सकाळी टपालपेटीपर्यंत जाई, येताना सासूबाईंबरोबर कपडे दोरीवर घाली. आता त्या बोलू लागल्या होत्या. फार नाही, पण दोन चिमट्यांच्या मध्ये एखादं वाक्य. त्या दोन गेलेल्या बाळांबद्दल एकदा. कोबीच्या लोणच्यात मिरची किती घालायची याबद्दल अनेकदा.

मुलाखतीला बोलावतील, असं रोबर्टाबाईंनी सांगून ठेवलं होतं. बोलावणं आलंच नाही. स्ट्रॉबेऱ्या पिकल्या त्या आठवड्यात पातळ पाकीट आलं. डेल्मीनं ते या वेळी स्वतः फोडलं, आवारातच. अर्ज मंजूर. अट काढली आहे. दहा वर्षांचं कार्ड टपालानं येईल.

ती धावली नाही. चालत स्वयंपाकघरात आली आणि कागद टेबलावर ठेवला. सोमवार होता. लेनाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली, कागद वाचला, आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. ओठ हलत होते. डेल्मीनंही डोळे मिटले.

मग लेनाबाईंनी पेन्सिल पुन्हा उचलली.

"बाबांना विचारायला हवं का? कार्ड हातात यायच्या आधी लिहावं की नाही?"

"मंजूर झालंय, आई. त्यांनी होय म्हटलंय."

"मग झालं," लेनाबाई म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. डेल्मी खांद्यावरून वाचत होती. हवा चांगली. स्ट्रॉबेऱ्या भरपूर. बेन हूवरांची गाय बरी आहे. आमच्या डेल्मीला सरकारकडून पत्र आलं, ती आता...

"पुढं काय लिहू?" लेनाबाईंनी विचारलं.

डेल्मीनं त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली.