गाणाऱ्या काकांची पापणी

सूनबाईची डावी पापणी आठवडाभर लवत होती आणि काकांना मनातून बरंच वाटत होतं. ऐकायला वाईट, पण खरं. शाळेची बस चालवणाऱ्या माणसाने स्वतःचे डोळे दाखवायला जावं, तर उद्या स्टिअरिंग हातातून जायचं. सुनेबरोबर गेलं तर? दुखणं तिचं, उत्तर आपल्यालाही. एका दगडात दोन पक्षी.

फार थकले होते काका. गाडी चालवून नव्हे, डोळे उघडे ठेवून. उन्हात दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटायचे. गुणगुणलं की उघडे राहायचे, म्हणून येता-जाता गुणगुणायचं. बसमधली पोरं त्यांना 'गाणारे काका' म्हणायची.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सुनेची पापणी नीट पाहिली.

"कॉफी किती घेता?"

"सात-आठ कप. ऑफिसात ऑडिट आहे, झोपायला मिळतच नाही."

"मग त्या पापणीने तरी काय करावं! एकाच डोळ्याची, नुसती थरथरतेय. घाबरायचं काही नाही. कॉफी कमी करा, झोपा, थांबेल हळूहळू."

काकांचा जीव भांड्यात पडला. आपलंही तेच असणार. चहा सोडला की झालं. ते उठलेसुद्धा.

"थांबलं नाही तर मात्र या," बाई म्हणाल्या. "आणि दोन्ही डोळे पूर्ण मिटायला लागले, ऊन सोसेना, तर लगेच. ते वेगळं. ब्लेफरोस्पॅझम म्हणतात. मेंदूच पापण्यांना चुकीचे इशारे देतो. काहींचं बोलताना, गाताना तेवढ्यापुरतं थांबतं, मग कळायलाच उशीर होतो."

काका पुन्हा खुर्चीत बसले. त्यांच्याही नकळत गुणगुणणं सुरू झालं.

सून वळली. त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बाबा, जरा गप्प बसा बघू."

ते गप्प बसले. समोर तपासणीचा दिवा होता. डोळे मिटले ते उघडेनात. शेवटी बोटांनी पापण्या वर कराव्या लागल्या.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झालं असेल वर्ष."

"माझी पोर तुमच्या मागच्याच सीटवर बसते, बाबा."

"म्हणून तर गात होतो गं."

तिला राग आला होता आणि रडूही. बाईंनी काकांना तपासलं, शांतपणे सांगितलं. पापण्यांत बारीक इंजेक्शनं द्यायची, दर तीन-चार महिन्यांनी. आजार पुरता जात नाही, पण डोळे उघडे राहतात, पुष्कळांना फरक पडतो. तोवर गाडी मात्र बंद.

बाहेर लख्ख ऊन होतं. पायरीवरच काकांचे डोळे मिटले. सुनेने त्यांचा हात धरला, त्यांच्या खिशातून घरच्या गाडीची किल्ली काढून घेतली.

"गुणगुणा ना, बाबा. दिसेल तुम्हाला."

"आता कशाला?" ते म्हणाले. "तू आहेस ना चालवायला."

वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटू दिले.