दरवाजाची पाटी

म्युझियमचे संशोधक डॉक्टर व्हिटली यांनी त्या जुन्या सागवानी दरवाजाबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. परिच्छेद कसला, जंगलच ते! पहिलं वाक्य सुरू होई आणि सहा ओळी झाल्या तरी संपायचं नाव घेत नसे. 'वनस्पतिजन्य अलंकरण', 'आंतरप्रादेशिक प्रभाव', 'निर्मितिकर्तृत्वाची अनिश्चितता' हे सगळं एका दमात.

अबुधाबीतल्या नव्या म्युझियमच्या पाट्यांचं काम प्रसन्नच्या दुबईतल्या, अल कुसैसमधल्या कंपनीकडे होतं, आणि पाट्या लिहायची पर्णिका. एका पाटीला साठ शब्द, एकही जास्त नाही. कारण माणूस उभा राहून वाचतो, पाय दुखतात, पोरं ओढत असतात. पर्णिका तो परिच्छेद घेऊन दरवाजासमोर बसली आणि आधी नुसतं बघत राहिली. डोळा कुठे जातो? तर खाली, मोठ्या दाराच्या पोटातल्या छोट्या दाराकडे. मग तिथूनच सुरुवात केली तिनं:

'मोठ्या दारात एक छोटं दार दिसेल. घरातली माणसं रोज त्यातून वाकून येत-जात. मोठं दार पाहुण्यांसाठी आणि सामानासाठी उघडे. मधल्या उभ्या पट्टीला अरबीत अन्फ, म्हणजे नाक म्हणतात. दोन फळ्यांमधली फट ती झाकते. सागवान भारतातून गलबतानं आलं. दारावर ही फुलं कोणी कोरली, ते आम्हाला माहीत नाही.'

शेवटच्या वाक्यानं आग लागली.

"अगं, हे काय?" प्रसन्ननं कपाळाला हात लावला. दोघं दरवाजासमोरच उभी होती आणि डॉक्टर यायचे होते. "क्लायंटला सांगायचं का, की तुम्हाला माहीत नाही? त्यापेक्षा 'कोकणातल्या सुतारांनी कोरली' असं टाक ना. लाकूड तिकडचं, हात तिकडचे. आपली माणसं खूश होतील."

खरं सांगायचं तर तिलाही तेच लिहायचं होतं. तिचं माहेर देवगडचं. तसलीच फुलं तिनं गावच्या देवळाच्या खांबावर पाहिली होती. पण फुलं काय, गुजरातेतही असतात आणि इराणातही.

"पुरावा आहे का सर?"

"पुरावा कोण मागतंय!"

"मी मागतेय."

तेवढ्यात डॉक्टर आले, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत. त्यांनी पाटीचा नमुना वाचला आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझं सगळं संशोधन कुठे गेलं? आणि हे शेवटचं काय? म्युझियम असं बोलत नाही."

"डॉक्टर, तुमचा परिच्छेद इथे उभं राहून मोठ्यानं वाचाल?" पर्णिका म्हणाली. प्रसन्नच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी हट्टानं वाचला. वाचून संपेपर्यंत त्यांची मान कागदावरून एकदाही वर आली नाही.

"आता दरवाजाकडे पाहायला कोणाला वेळ उरला?" ती म्हणाली. "आणि तुमच्या पहिल्या वाक्यातलं ते 'निर्मितिकर्तृत्वाची अनिश्चितता'. त्याचा अर्थ काय?"

"अर्थ स्पष्ट आहे."

"मग सांगा ना. फुलं कोणी कोरली, तुम्हाला माहीत आहे?"

डॉक्टर लालबुंद होऊन म्हणाले, "नाही."

"मी तेच लिहिलंय. तुम्ही सूट-बूट घालून सांगितलं, मी साध्या कपड्यात."

"पर्णिका!" प्रसन्न ओरडला. "ते वाक्य काढ. खलास!"

"नाही काढणार. 'कुशल कारागिरांनी' असं गुळमुळीत लिहिलं की बघणारा मान हलवून पुढे जाईल. त्या माणसानं एवढं कोरलं, आणि आपण त्याचं नाव हरवलं, एवढं तरी कबूल करूया. त्याच्या जागी खोटं नाव मी टाकणार नाही. ना यांच्यासाठी, ना कोकणासाठी."

डॉक्टर दरवाजापाशी गेले. चष्मा वर सरकवून त्यांनी बराच वेळ फुलं पाहिली. मग नमुन्यावर सही केली आणि कागद तिच्या हातात न देता प्रसन्नच्या हातात दिला. "छापा हे. पण पुढच्या दालनांत ही बाई मला नको."

ते गेले. प्रसन्न तिच्याकडे बघेना. "ऐकलंस? तुला ठेवायला दुसरं काम नाही माझ्याकडे. व्हिसा कॅन्सल करावा लागेल. माफी माग, अजून वेळ आहे."

घरभाडं, पोरीची शाळा, सगळं एकदम पर्णिकाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिनं हात पुढे केला.

"सर, तो कागद द्या. छापायला मुसफ्फाच्या वर्कशॉपला मीच नेते."

"माफीचं काय?"

"नोकरी दुसरी शोधीन," ती म्हणाली. "हे वाक्य पुन्हा कोण लिहू देणार मला?"