एकच दाखला, दोन अर्ज

ज्या वर्षी थोरल्या दिराने पन्नाशीत दुसरं लग्न केलं आणि सासूबाई आपली पेटी उचलून धाकट्या सुनेकडे राहायला आल्या, त्याच वर्षीची ही गोष्ट. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे या सुनेचा नवरा, आधीच वारला होता. सून इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची. तिची मुलगी नुकतीच बारावी झाली होती. मुलीला घरात सगळे फौजदार म्हणत, कारण आमटीत मीठ कमी पडलं तरी ती चौकशी बसवायची.

त्या संध्याकाळी फौजदाराने मोबाइल बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, माझा प्रवेश अडकला."

आईच्या हातातली कणीक हातातच राहिली. "अडकला म्हणजे?"

"कागदपत्रांच्या तपासणीत त्रुटी, असं आलंय. खाली प्राचार्यांची नोटीस आहे. थांब, वाचते." आणि तिने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "सर्व प्रवेशार्थींना कळविण्यात येते की, अर्जासोबतच्या कागदपत्रांची पहिली तपासणी संगणकप्रणाली करते. तीत त्रुटी निघाल्यास प्रवेश रद्द होत नाही, तो स्थगित राहतो व जागा राखून ठेवली जाते. अंतिम निर्णय प्रणाली घेत नाही. अर्जदाराने दिलेल्या दिवशी मूळ कागदांसह छाननी समितीपुढे स्वतः हजर राहावे. न आल्यास जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या विद्यार्थ्यास जाईल."

"मग रद्द नाही ना झालं? उगाच घाबरवलंस," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

"आजी, पुढे तर ऐक! माझी त्रुटी काय लिहिलीय बघ. उत्पन्नाचा दाखला, हाच दाखला क्रमांक दुसऱ्या अर्जातही आढळला. म्हणजे आपला दाखला कुणीतरी ढापलाय!"

आईने कणकेवर ओलं फडकं टाकलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने नजर चुकवली. तो दुसरा अर्ज तिचाच होता.

दोन वर्षांपूर्वी तिने बाहेरून बारावी दिली, तेव्हा फौजदार पोट धरून हसली होती. "आई, आता माझ्या कॉलेजात येऊन बसू नकोस म्हणजे मिळवलं!" पोरीने गमतीने म्हटलं होतं, पण ते आईच्या मनात घर करून बसलं. म्हणून त्याच कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गाचा अर्ज तिने गुपचूप भरला. ठाऊक होतं ते फक्त सासूबाईंना. फी माफीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो घरात एकच होता. तोच तिने जोडला. पोरीनेही तोच जोडला असेल, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

"अजून काही लिहिलंय?" तिने विचारलं.

"आहे ना. असे दोन अर्ज निघाल्यास दोन्ही स्थगित राहतील आणि दोन्ही अर्जदारांना एकाच वेळी बोलावले जाईल. एकाने अर्ज मागे घेतला तरी चौकशी थांबणार नाही. खोटा कागद सिद्ध झाल्यास प्रवेश रद्द. एकाच कुटुंबातील दोन अर्जदार असल्यास नात्याचा पुरावा आणावा." फौजदाराने मोबाइल आपटला. "ते शेवटचं आपल्याला लागू नाही. आपल्या घरातून मी एकटीच आहे. उद्या सकाळी बोलावलंय. येऊ दे त्या चोराला समोर, नाही त्याची भंबेरी उडवली तर बघ!"

पोरगी तणतणत शेजारच्या मैत्रिणीकडे गेली. आईने फळीवरचा आपला मोबाइल काढला. तिलाही तोच निरोप आला होता. खाली 'अर्ज मागे घ्या' असं बटण होतं. तिचा अंगठा त्याच्यावर जाऊन थांबला.

"काय करतेस गं?" सासूबाई उठून बसल्या.

"काढून टाकते माझा अर्ज. पोरीची जागा जाईल माझ्यापायी."

"आत्ता काय वाचलं तिने? कान कुठे होते तुझे? तू पळालीस तर पोरगी तिथे एकटी उभी राहील, आणि ती माणसं विचारतील, दुसरी का पळाली? काय सांगेल ती?"

"मग आत्ताच तिला सांगून टाकते."

पण फौजदार परतली ती दोन मैत्रिणींना घेऊन. चोर कसा असेल, जाड की बारीक, यावर तिघींची पैज लागली. आईने सांगणं सकाळवर ढकललं. झोपण्याआधी तिने मुलीचा जन्मदाखला तेवढा पिशवीत घातला.

सकाळी कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर बाकांची रांग लागली होती. फौजदार येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळत होती. "तो चष्म्यावाला बघ, आई. घाम फुटलाय त्याला."

"बाळ, मला तुला काही सांगायचंय."

"आत्ता नको गं, नंबर येईल!"

आणि खरंच आला. दाराशी शिपायाने दोन अर्ज क्रमांक पुकारले. फौजदार ताडकन उठली आणि मागे वळून पाहू लागली, चोर कुठून उठतो ते. तिच्या शेजारची जागा रिकामी झाली होती. आई उभी होती.

"तू बस ना, आई. फक्त अर्जदारांना बोलावलंय."

"दुसरा क्रमांक माझा आहे," आई म्हणाली.

पोरीने आईचा मोबाइल ओढून घेतला आणि क्रमांक स्वतः वाचून पाहिला. मग ती आईच्या मागोमाग आत गेली.

टेबलामागे एक प्राध्यापिका आणि एक कारकून बसले होते. कारकुनाने मूळ दाखला उजेडात धरला, वरचा क्रमांक सरकारी नोंदीशी जुळवला आणि मान हलवली. "दाखला खरा आहे. त्या यंत्राला आई कळत नाही न् मावशी कळत नाही. एक क्रमांक दोनदा दिसला की ते बोंब मारतं." आईने जन्मदाखला पुढे केला. त्याने तोही पाहिला.

प्राध्यापिका मात्र हसल्या नाहीत. "नातं ठीक आहे. पण दोघींचं म्हणणं लिहून घ्यावं लागतं." त्या फौजदाराकडे वळल्या. "तुमच्या आईंनी हा दाखला जोडला, हे तुम्हाला माहीत होतं?"

पोरगी खोटं बोलणारी नव्हती, हे आईला पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणाली की कागदावर आई चोर ठरणार. आईने पिशवीचा बंद बोटाला घट्ट गुंडाळला.

"नव्हतं माहीत," फौजदार म्हणाली.

प्राध्यापिकांनी पेन उचललं.

"पण बाई, जरा दाखला बघा. अर्जदार म्हणून नाव कुणाचं आहे? आईचं. रजा टाकून, रांगेत उभं राहून तिने काढलाय. मी तो तिला न विचारता कपाटातून काढला. न विचारता वापरणारी असेल तर ती मी आहे. लिहा तसं."

कारकुनाने दाखल्यावर बोट ठेवून मान डोलावली. प्राध्यापिकांनी तो पुन्हा वाचला. "कुटुंबप्रमुख आई, उत्पन्न कुटुंबाचं. दोघींनाही चालतो." मग त्यांनी शेरा लिहिला, एकच कुटुंब, दाखला ग्राह्य, आणि दोघींच्या सह्या घेतल्या. "प्राचार्यांची सही झाली की स्थगिती उठेल. निरोप येईल."

जिन्यात आल्यावर फौजदाराने आईचा दंड धरला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते! हसले असते आणि अर्जही भरून दिला असता. स्वतः भरलास ना? फोटो वाकडा लागलाय तुझा, मी टेबलावर बघितला." तिने आईच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "रात्रभर मी तुला चोर म्हणत होते, आणि तू माझी चादर सारखी करत होतीस."

दोन्ही निरोप दुपारनंतर आले. सासूबाईंनी दोन्ही मोबाइल मागवून घेतले, निरोप नातीकडून दोनदा वाचून घेतले आणि मगच जेवल्या. पुढे रोज संध्याकाळी त्या सुनेला पाणीसुद्धा आणू देत नसत. पिशवी हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "जा, वर्ग चुकेल."

त्याच वर्षी, पहिल्या सत्राच्या परीक्षेला आठवडा उरला असताना, सासूबाई झोपेतच वारल्या. परीक्षेच्या संध्याकाळी पिशवी फौजदाराने आईच्या हातात दिली.